पुराचे आकडे बोलायचे कसे

जुलैत कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "बंधाऱ्यावर किती?" बंधारा म्हणजे पंचगंगेवरचा राजाराम बंधारा आणि किती म्हणजे किती फूट, हे कुणी कुणाला समजावत बसत नाही. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. इतका आकड्यांत मुरलेला श्रोता समोर असला की संहिता लिहिणाऱ्याला मोह होतो, की यांना सगळंच सांगून टाकू. पुराच्या निवेदनाचा पहिला घोळ इथंच होतो.

कारण ज्यावरून निवेदन लिहायचं ते पत्रक वाचण्यासाठी केलेलं असतं. त्यात बंधाऱ्याची पातळी असते, धरणनिहाय साठा टक्क्यांत आणि टीएमसीत असतो, विसर्ग क्युसेकमध्ये असतो, बाराही तालुक्यांचा पाऊस मिलिमीटरमध्ये असतो. शिवाय पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची संख्या आणि बंद झालेले राज्यमार्ग, जिल्हामार्ग. डोळा अशा कागदावर हवा तिथं थांबतो, मागं जातो, आपल्या गावाची ओळ शोधतो. कानाला यातलं काहीच जमत नाही. रेडिओवर, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर, गल्लीतून फिरणाऱ्या रिक्षाच्या स्पीकरवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आलेल्या दीड मिनिटाच्या ऑडिओत आकडा एकदाच येतो आणि पुढच्या वाक्याखाली गाडला जातो.

दीड मिनिटाच्या निवेदनात चार, फार तर पाच आकडे टिकतात. पत्रकात चाळीस असतील. मग ठेवायचे कुठले? आकडा महत्त्वाचा आहे का, असं विचारलं तर सगळेच महत्त्वाचे ठरतात, कारण पत्रक करणाऱ्यानं बिनमहत्त्वाचा आकडा मुळात घातलेलाच नसतो. त्याऐवजी असं विचारावं, की हा आकडा ऐकून कोण काय करेल? पातळी ऐकून सुतारवाड्यातला माणूस सामान माळ्यावर टाकायचं की घर सोडायचं ते ठरवतो. पाणी किती वेगानं चढतंय हे कळलं तर प्रयाग चिखलीतला शेतकरी जनावरं आत्ता हलवायची की सकाळी, ते ठरवतो. पण "जिल्ह्यातले इतके बंधारे पाण्याखाली" हे ऐकून कुणी काहीच करत नाही. त्याला आपल्या वाटेवरचा बंधारा गेला का, एवढंच हवं असतं. तिथं संख्या काढून नावं घ्यावीत. शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी नदीच्या ओघानं घेतलेली नावं कान सहज धरतो, कारण ज्याच्या त्याच्या मनात त्यांचा नकाशा तयार असतो. रस्त्यांचंही तसंच. "नऊ राज्यमार्ग बंद" यापेक्षा "गगनबावड्याचा रस्ता मांडुकलीजवळ बंद" या वाक्यात एकही आकडा नाही आणि माहिती जास्त आहे.

पावसाची बारा तालुक्यांची यादी तर डोळे झाकून काढावी. गगनबावडा आणि राधानगरी ठेवावेत, कारण तिथं पडलेलं पाणी कुंभी आणि भोगावतीतून शहराकडं येतं. शिरोळच्या श्रोत्याला वाटतं, आपल्याकडं तर ऊन पडलंय, मग काळजी कसली. म्हणून त्याला एवढं सांगावं, की पाऊस वरच्या भागात आहे. मिलिमीटर बोलायचेच असतील तर एकाच ठिकाणचे बोलावेत.

आता एक पत्रक घेऊन प्रत्यक्ष करून बघू. यातले त्या दिवसाचे आकडे उदाहरणापुरते धरले आहेत. दुपारी २ वाजता राजाराम बंधारा ४२'०१", सकाळी ८ वाजता ४१'०४". राधानगरी धरणाचा दरवाजा क्रमांक ३ आणि ६ खुला, प्रत्येकी १४२८ क्युसेक, वीजगृहातून १५००, एकूण विसर्ग ४३५६ क्युसेक.

पहिलं काम म्हणजे पातळी नीट वाचणं, आणि चूक सगळ्यात जास्त इथंच होते. ४२'०१" म्हणजे ४२ फूट १ इंच. मोबाइलवर ही खूण टाइप करायचा कंटाळा येतो, म्हणून कुणीतरी 42.1 लिहितो. निवेदक ते "बेचाळीस पॉइंट एक" वाचतो. या वेळी फारसं बिघडत नाही, पण ४२ फूट ६ इंच जेव्हा 42.6 म्हणून येतात तेव्हा साडेबेचाळीसचे "बेचाळीस पूर्णांक सहा" होतात. सगळ्यात वाईट प्रकार दहा इंचांचा. 42.10 असं एक्सेलच्या रकान्यात टाकलं की शेवटचं शून्य गळून पडतं आणि 42.1 उरतं. दहा इंचांचा एक इंच झाला, आणि तोही पाणी धोका पातळीला दोन इंचांवर आलेलं असताना. हे ओळखता येतं. क्रमानं आलेल्या नोंदी बघाव्यात. 42.8, 42.9 आणि मग एकदम 42.1 दिसलं तर पाणी आठ इंच उतरलेलं नसतं, शून्य उडालेलं असतं. टिंबवाला आकडा आला की तो कुठून आला ते विचारावं आणि संहितेत "फूट" आणि "इंच" हे दोन्ही शब्द अक्षरात लिहावेत. टिंबाला संहितेत जागाच ठेवू नये.

दुसरं काम फरकाचं. सकाळपासून पाणी ९ इंच वाढलं. हा फरक मूळ आकड्यांवरून काढायचा आणि गोल करायचा झाला तर मग करायचा. उलट केलं तर गंमत बघा. दोन्ही पातळ्या जवळच्या अर्ध्या फुटावर आणल्या, तर सकाळचे साडेएकेचाळीस, दुपारचे बेचाळीस, वाढ सहा इंच. दोन्ही जवळच्या पूर्ण फुटावर आणल्या तर एकेचाळीस आणि बेचाळीस, वाढ बारा इंच. नदी तीच, वेळ तीच, पण एका निवेदनात पाणी निवांत चढतंय आणि दुसऱ्यात झपाट्यानं. दोन्ही संहितांतला एकेक आकडा तपासला तर चूक सापडत नाही. चूक दोन्हींच्या मध्ये असते.

सहा तासांत नऊ इंच म्हणजे तासाला दीड इंच. हा वेग सांगायला बरा आहे, पण त्याच्या पुढची पायरी चढू नये. अकरा इंच बाकी, तासाला दीड, म्हणजे रात्री साडेनऊच्या आत धोका पातळी, असं गणित कुणालाही सुटतं. नदीला ते बांधील नाही. पात्र सोडून पाणी शेतात पसरलं की तेवढंच पाणी पातळी कमी चढवतं. धरणाचा आणखी एक दरवाजा उघडला किंवा वरचा पाऊस थांबला की हिशेब बदलतो. अंदाज पाटबंधारे खात्यानं दिला असेल तर त्यांच्या नावानं सांगावा, नाहीतर झालेली वाढ सांगून थांबावं.

तिसरं काम म्हणजे गोल करणं. इथं मराठीसारखी सोयीची भाषा नाही. सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच ही पावपटीची जाळी आपल्याकडं बाजारात, दुधाच्या मापात आणि घड्याळात रोज वापरात आहे. ४३५६ क्युसेक कानाला सोसत नाहीत, "सव्वाचार हजारांच्या वर" लगेच बसतात. अलमट्टीतून २,५०,००० क्युसेक सोडले तर "दोन लाख पन्नास हजार" कशाला, "अडीच लाख" म्हणावं. १४२८ ला "एक हजार चारशे अठ्ठावीस" म्हणण्यात आठ-नऊ अक्षरं वाया जातात, "चौदाशे" पुरे. फक्त मागंपुढं लागणारा शब्द खरा असावा. खरा आकडा थोडा जास्त असेल तर "वर", थोडा कमी असेल तर "जवळपास". आणि "सुमारे", "अंदाजे", "जवळपास" यांतला एकच शब्द एका आकड्याला लावावा. "अंदाजे सुमारे साडेचार हजारांच्या जवळपास" ऐकलं की श्रोत्याला वाटतं, यांनाच माहिती नाही.

पण पातळीला ही जाळी सरसकट लावता येत नाही. क्युसेक मोजायचं साधन श्रोत्याच्या घरात नसतं, म्हणून शे-दोनशेचा फरक त्याला जाणवतही नाही. पातळीचं तसं नाही. पूरपट्ट्यातल्या घरांच्या भिंतींवर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या रेघा आहेत आणि दारातल्या पायरीला पाणी लागलं तेव्हा बंधाऱ्यावर किती होतं, हे तिथल्या माणसाला इंचात माहीत असतं. त्याच्यासाठी इंच ही बारीकसारीक गोष्ट नाही. तेव्हा पातळी छत्तीस-सदतीस फुटांत असेल तोवर "छत्तीस फुटांच्या वर" चालेल. इशाऱ्याच्या किंवा धोक्याच्या रेषेच्या फूटभर आत आलं की इंच बोलायलाच हवेत.

गोल करताना रेषा मात्र कधीच ओलांडायची नाही. ४२ फूट ११ इंच हे "जवळपास त्रेचाळीस" नाहीत. त्रेचाळीस हा शब्द ऐकला की लोकांच्या डोक्यात "धोका पातळी गाठली" एवढंच वाक्य तयार होतं, आणि मागचं "जवळपास" हवेत विरतं. ते "धोका पातळीला एक इंच बाकी" असं बोलावं. इशारा पातळीचंही तेच. ३८ फूट १० इंचांना एकोणचाळीस म्हणू नये. धरणाच्या टक्केवारीतही हीच काळजी घ्यावी लागते. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की ते आपसूक उघडतात. त्यामुळं ९७.६ टक्क्यांना "भरलंच" म्हणणं म्हणजे दरवाजे उघडल्याची अफवा आपणच सोडणं. तिथं "भरायला अडीच टक्क्यांच्या आत बाकी" हेच बरोबर.

दरवाजांवरून आणखी एक. पत्रकात "दरवाजा क्रमांक ६ खुला" असतं. भोंग्यावरून "राधानगरीचा सहा नंबरचा दरवाजा उघडला" असं गेलं की दोन गल्ल्यांपलीकडं ते "सहा दरवाजे उघडले" होतं. ऐकणाऱ्याचा यात दोष नाही. एका दरवाजातून चौदाशे क्युसेक आणि सहांतून साडेआठ हजार, हा फरक आपण एका "नंबर" शब्दावर टांगून ठेवलेला असतो. कुठला दरवाजा उघडला याच्याशी शहरातल्या माणसाला काही देणंघेणं नाही. क्रमांक काढून टाकावा आणि "सात दरवाजांपैकी दोन उघडे आहेत" एवढं ठेवावं. खरं तर दरवाजांची संख्या हाच विसर्गाचा बोलायला सोपा आकडा आहे. क्युसेक ठेवायचेच असतील तर एकदाच आणि मापासकट. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरांहून थोडं जास्त, म्हणजे एका दरवाजातून सेकंदाला चाळीस हजार लिटर, दहा हजार लिटरचे चार टँकर. हे सकाळच्या सविस्तर निवेदनात एकदा सांगितलं की दिवसभर पुन्हा सांगायची गरज नसते.

आता जागेचा प्रश्न, म्हणजे आकडा वाक्यात कुठं ठेवायचा. पंचगंगेच्या बाबतीत याला एक खास कारण आहे. पूर ज्या टप्प्यात निर्णायक होतो त्या सगळ्या संख्या मोठ्यानं म्हणून बघा. एकोणचाळीस, चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, पार अठ्ठेचाळीसपर्यंत. सगळ्यांचं शेपूट एकच. संख्या वेगळी करणारं अक्षर सुरुवातीला आहे, आणि भोंग्यावर, पावसाच्या आवाजात, माइकचं बटण उशिरा दाबलं गेल्यावर नेमकी सुरुवातच खाल्ली जाते. मग एकोणचाळीस असो की त्रेचाळीस, लांबच्या माणसाला "…चाळीस" ऐकू येतं. एक इशाऱ्याचा आकडा, दुसरा धोक्याचा, आणि कानावर दोन्ही सारखेच पडतात.

म्हणून वाक्याची सुरुवात आकड्यानं कधीच करू नये. "बेचाळीस फूट एक इंच इतकी पाणीपातळी राजाराम बंधाऱ्यावर नोंदवली गेली" हे छापायला ठीक, बोलायला वाईट. आधी कुठलं पाणी, मग कुठं, मग किती. "राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी आहे," इथं श्वासाएवढं थांबायचं, मग "बेचाळीस फूट एक इंच". थांबायचं ते आकड्याच्या आधी, म्हणजे कान टवकारलेले असताना पहिलं अक्षर पडतं. नवखे निवेदक आकड्यानंतर थांबतात, तोवर अक्षर हुकलेलं असतं. संहितेत त्या जागी उभी रेघ मारून ठेवावी. आकडा अक्षरात लिहावा, ४९ आणि ५९ बघून भल्याभल्यांची जीभ अडखळते. आणि आकडा ओळीच्या शेवटी तुटून "बेचाळीस" वरच्या ओळीत आणि "फूट" खालच्या, असं होऊ देऊ नये.

दुसरा आधार म्हणजे त्याच आकड्याची वेगळ्या वाटेनं खात्री. "धोका पातळीला अकरा इंच बाकी" हे वाक्य सोबत असलं की "…चाळीस" एवढंच ऐकू आलेल्यालाही हिशेब लागतो. इथं शब्दाची निवड बघावी. पाणी चढत असताना "धोका पातळीच्या अकरा इंच खाली" म्हटलं की ऐकणारा निर्धास्त होतो. "बाकी" म्हटलं की तो उठतो. पाणी उतरायला लागलं की मग "खाली" वापरावं, तेव्हा ते खरंही असतं आणि हवंही असतं.

छापील मजकुरातून बोलण्यात शिरलेला सगळ्यात घातक शब्द म्हणजे "अनुक्रमे". "राधानगरी, तुळशी आणि कासारी धरणांत अनुक्रमे" असं म्हणून तीन टक्केवाऱ्या वाचल्या, की तिसरा आकडा येईपर्यंत पहिलं धरण कुठलं होतं ते विसरलेलं असतं. प्रत्येक धरणाला त्याचं वाक्य द्यावं. जागा नसेल तर दोन धरणं काढावीत.

२०१९ आणि २०२१ शी तुलना करायची का, यावर मतं वेगळी पडतात. २०१९ ला पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं, २०२१ ला छप्पन्नच्या वर, आणि दोन्ही वेळा पुणे–बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. आमचं मत असं, की बेचाळीस फुटांवर हा आकडा काढू नये. "अजून चौदा फूट कमी आहे" असं ऐकून सुतारवाड्यातला माणूस थांबला तर चौदा फुटांचा हिशेब त्याच्या कामाचा नाही, त्याच्याकडं पाणी फार आधी येतं. तुलना करायचीच तर पाणी पन्नाशीच्या आसपास आल्यावर, आणि तीही एकाच वर्षाशी.

या सगळ्यातून त्या पत्रकाचं निवेदन असं उतरतं.

"ही माहिती मंगळवार, दुपारी दोन वाजताची आहे. पंचगंगेचं पाणी वाढतंय. राजाराम बंधाऱ्यावर पातळी आहे | बेचाळीस फूट एक इंच. धोका पातळीला | अकरा इंच बाकी आहेत. सकाळी आठपासून पाणी नऊ इंच चढलंय. राधानगरी धरणाच्या सात दरवाजांपैकी दोन उघडे आहेत. पाऊस गगनबावडा आणि राधानगरीकडं जास्त आहे, त्यामुळं आपल्या भागात उघडीप असली तरी पाणी वाढू शकतं. गगनबावड्याचा रस्ता मांडुकलीजवळ बंद आहे. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीतल्या लोकांनी जनावरं हलवायला सुरुवात करावी. पुन्हा सांगतो. दुपारी दोन वाजता राजाराम बंधाऱ्यावर | बेचाळीस फूट एक इंच. धोका पातळीला | अकरा इंच बाकी. पुढची माहिती चार वाजता."

वार आणि वेळ पहिल्याच वाक्यात आहे, कारण हा ऑडिओ दोन दिवसांनीही ग्रुपवर फिरत राहणार. शेवटी पातळी पुन्हा आली ती जशीच्या तशी आली. पहिल्यांदा फूट-इंच आणि दुसऱ्यांदा "बेचाळीसच्या वर" असं केलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, मधल्या मिनिटात पाणी वाढलं. जनावरांबद्दलचं वाक्य प्रशासनाची तशी सूचना आली असेल तरच ठेवायचं. विसर्गाचे क्युसेक गेले, धरणांचे टक्के गेले, बंधाऱ्यांची संख्या गेली. त्या आकड्यांचं कुणाला काम असेल तर त्याच्यासाठी पत्रक आहेच.

प्रसारणाआधी हे निवेदन कागद न पाहिलेल्या माणसाला एकदाच वाचून दाखवावं, शक्यतो पंखा पूर्ण जोरात लावून, आणि दोन मिनिटं दुसरंच काही बोलून मग विचारावं, पाणी किती आणि बाकी किती. "बेचाळीस, अकरा" आलं तर सोडून द्यावं. "चाळीसच्या पुढं काहीतरी" आलं तर आकडे मोठ्यानं म्हणून उपयोग नाही, आकड्याच्या आधीचं वाक्य लांब झालंय, ते छाटावं. चार वाजताच्या निवेदनात वाक्यांचा क्रम हाच ठेवावा, म्हणजे दोनचं निवेदन ऐकलेल्याला कुठल्या जागी काय येणार ते माहीत असतं. आणि नवा आकडा घालताना दोन वाजताच्या फाइलवर खाडाखोड करू नये. कोरी प्रत घ्यावी, नाहीतर वरची पातळी नवी होते आणि शेवटच्या "पुन्हा सांगतो" मध्ये जुनीच राहून जाते.